‘खुलासा असमाधानकारक’ : एवढ्या दोन शब्दांवर सरकारी आदेश टिकतो का?

परवाना रद्द झाला, अर्ज फेटाळला गेला किंवा दंड बसला, की सरकारी कार्यालयातून जो कागद हातात पडतो त्यात एक ओळ हमखास असते : ‘आपला खुलासा असमाधानकारक असल्याने अमान्य करण्यात येत आहे.’ जतपासून महाबळेश्वरपर्यंत, खातं कुठलंही असो, ओळ बदलत नाही. वाचणारा समजतो की कारण सांगून झालं. प्रत्यक्षात इथे कारण दिलेलंच नाही. खुलासा अमान्य झाला हा निष्कर्ष आहे. तो का पटला नाही, हे जिथे लिहिलेलं असेल ते कारण. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत न्यायालयांनी प्रशासनावर कारणं देण्याचं जे बंधन घातलं आणि वाढवत नेलं, ते सगळं निष्कर्ष आणि कारण यांच्यातल्या या अंतराभोवती फिरतं.

रेशन दुकानाचं एक काल्पनिक प्रकरण घेऊ. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात एका गावात स्वस्त धान्य दुकान आहे. पुरवठा निरीक्षक तपासणीला येतात. ई-पॉस मशीनप्रमाणे गव्हाची शिल्लक १२ क्विंटल ६० किलो असायला हवी. वजन केल्यावर भरतात १० क्विंटल २० किलो. म्हणजे २ क्विंटल ४० किलो गहू कमी. पंचनामा होतो, दुकानदाराची सही घेतली जाते, आणि काही दिवसांनी कारणे दाखवा नोटीस येते : प्राधिकारपत्र म्हणजे दुकानाचा परवाना रद्द का करू नये, सात दिवसांत खुलासा करा.

दुकानदार खुलाशात दोन मुद्दे मांडतो. पहिला, गोदामातून आलेल्या गाडीत ५० किलोची ४ पोती कमी होती, म्हणजे २ क्विंटल. तशी नोंद चलनाच्या मागे आहे आणि खाली गाडीच्या चालकाची सही आहे. दुसरा, राहिलेले ४० किलो चार कुटुंबांना प्रत्येकी १० किलोप्रमाणे दिले. त्यांचे अंगठे मशीनवर जुळत नव्हते, म्हणून वहीत सह्या घेतल्या. चलनाची आणि वहीच्या पानाची झेरॉक्स तो सोबत जोडतो. अकरा वर्षांत आपल्याविरुद्ध एकही तक्रार नाही, हेही शेवटी लिहितो.

मग जिल्हा पुरवठा कार्यालयाचा दोन पानी आदेश येतो. सुरुवातीला ‘वाचा’ या शीर्षकाखाली तपासणी अहवाल, नोटीस, खुलासा यांचे जावक क्रमांक आणि तारखा. मग ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारे चार परिच्छेद : ज्याअर्थी तपासणी झाली, ज्याअर्थी साठा कमी आढळला, ज्याअर्थी नोटीस दिली, ज्याअर्थी खुलासा प्राप्त झाला. शेवटी ‘सदर खुलासा असमाधानकारक असल्याने... त्याअर्थी प्राधिकारपत्र रद्द करण्यात येत आहे.’

दोन पानं भरली आहेत, पण चलनामागच्या नोंदीबद्दल त्यात एक शब्द नाही. वहीतल्या सह्यांबद्दल नाही. आणि शिक्षांमध्ये सगळ्यात मोठी असलेली रद्द करण्याचीच शिक्षा का निवडली, काही काळ निलंबन किंवा अनामत जप्त करून का भागलं नसतं, याबद्दलही नाही. आदेशात कारण आहे की नाही हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. आदेशातली नावं, तारखा आणि आकडे पेन्सिलीने खोडा. उरलेला मजकूर दुसऱ्या कुठल्याही दुकानाच्या आदेशात जसाच्या तसा चालत असेल, तर त्यात कारण नाही. वरचा आदेश तासगावच्या दुकानालाही चालेल आणि कोरेगावच्याही.

याच प्रकरणात कारणांचा आदेश कसा दिसला असता? साधारण असा : ‘दुकानदाराने चलनाच्या मागे चार पोती कमी असल्याची नोंद दाखवली आहे. परंतु गोदामातील चलनाच्या स्थळप्रतीवर अशी नोंद नाही आणि चालकाने जबाबात ती सही आपली नसल्याचे सांगितले आहे. सदर जबाबाची प्रत दुकानदारास देऊन त्यावर म्हणणे मांडण्याची संधी दिली. त्यांनी त्याबाबत पुरावा दिलेला नाही. पोती कमी आल्याचे त्यांनी तपासणीपूर्वी तहसील कार्यालयास कळवलेलेही नाही. सबब २ क्विंटलबाबतचा खुलासा अमान्य. वहीत नोंद असलेल्या चारही कार्डधारकांनी धान्य मिळाल्याचे जबाबात सांगितल्याने ४० किलोबाबतचा खुलासा मान्य.’ त्यापुढे शिक्षेबद्दल दोन वाक्यं.

हा आदेशही दुकानदाराच्या विरोधातच आहे. पण तो वाचून त्याला नेमकं कुठे भांडायचं ते कळतं. चालकाची सही खरी असेल तर हस्ताक्षराच्या मुद्द्यावर अपील करता येईल. अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यालाही तपासायला काहीतरी हाती लागतं. कारणं द्यायला लागणं म्हणजे बाजूने निकाल मिळणं नव्हे. हा गैरसमज बऱ्याच जणांना असतो आणि त्यापायी वकिलाची फी वाया जाते. आणखी एक गोष्ट : असा परिच्छेद लिहायचा तर अधिकाऱ्याला स्थळप्रत मागवावीच लागते, चालकाला बोलवावंच लागतं. ‘असमाधानकारक’ लिहायला यातलं काहीच करावं लागत नाही.

आता हे बंधन आलं कुठून ते पाहू. राज्यघटनेत ‘प्रत्येक सरकारी निर्णयाला कारण द्या’ असं कलम नाही. काही कायद्यांत तसं लिहिलेलं आहे, पुष्कळ कायद्यांत नाही. इंग्रजांकडून आपण जी कायद्याची परंपरा घेतली, तिथेही कारणं देण्याचं सरसकट बंधन नव्हतं आणि आजही नाही. तिथली न्यायालयं प्रकरण बघून ते लागू करतात. आपल्याकडे न्यायालयं त्यापुढे गेली. प्रशासन दर वेळी एखादी पळवाट पुढे करायचं आणि न्यायालय ती बुजवायचं. त्या क्रमानेच हा इतिहास वाचला तर लक्षात राहतो.

पहिली पळवाट : ‘कारण होतं, आदेशात लिहिलं नाही एवढंच, आता कोर्टात सांगतो.’ हे प्रकरण मुंबईचं. अंधेरीत सिनेमागृह बांधायला पोलीस आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये परवानगी दिली आणि सप्टेंबरमध्ये पत्र पाठवलं की सरकारच्या निर्देशावरून ती रद्द करण्यात येत आहे. वाद कोर्टात गेल्यावर आयुक्तांनी भूमिका घेतली की रद्द करण्याचा निर्णय आपण स्वतः विचार करून घेतला होता. गोरधनदास भानजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ते मानलं नाही. सार्वजनिक अधिकारातून काढलेला आदेश त्यातल्या भाषेवरूनच वाचायचा. अधिकाऱ्याच्या मनात काय होतं, हे त्याने मागाहून सांगून उपयोग नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. सव्वीस वर्षांनी मोहिंदर सिंग गिल खटल्यात घटनापीठाने हाच धागा पक्का केला : आदेशाचं समर्थन त्यात नमूद केलेल्या कारणांवरच करायचं, प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून नाही. ते चाललं, तर मुळात वाईट असलेला आदेश कोर्टात पोहोचेपर्यंत चांगला होऊन जाईल.

अंधेरीच्या प्रकरणातून दुसरीही एक गोष्ट निघते, तिचा आपल्याकडे रोज उपयोग आहे. अधिकार आयुक्तांचा होता. त्यांनी तो सरकारच्या सांगण्यावरून वापरला, म्हणजे स्वतः वापरलाच नाही. आजच्या आदेशात ‘वरिष्ठांच्या निर्देशानुसार’ एवढंच कारण दिसलं, तर तो आदेश दुबळा आहे असं समजायला हरकत नाही. कायद्याने ज्याच्या हाती निर्णय दिला आहे त्याने स्वतः विचार केल्याचं कागदावर दिसलं पाहिजे.

दुसरी पळवाट : ‘आम्ही सरकार आहोत, न्यायालय नाही. कारणं लिहायची ती न्यायाधीशांनी.’ हरिनगर शुगर मिल्सच्या १९६१ च्या निकालात प्रश्न कंपनीच्या शेअर हस्तांतराचा होता आणि अपील ऐकणारं होतं केंद्र सरकार. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकार जेव्हा दोन बाजू ऐकून वाद मिटवतं, तेव्हा त्याने कारणं दिलीच पाहिजेत. नाहीतर त्या निर्णयावरचं अपील ऐकणं आम्हालाच अशक्य होतं. मधे मध्य प्रदेश इंडस्ट्रीजच्या प्रकरणात न्यायाधीशांतच मतभेद झाले. खालचा आदेश कायम ठेवताना वेगळी कारणं देण्याची गरज नाही, असं बहुमताने म्हटलं. १९६७ मध्ये भगत राजा खटल्यात घटनापीठाने ही गाठ सोडवली. आंध्रातल्या खाणपट्ट्याचा तो वाद होता. न्यायालयाचा मुद्दा सरळ होता : राज्य सरकारच्या आदेशात पाच कारणं असतील आणि त्यातली दोन गैरलागू असतील, तर केंद्राने नुसतं ‘आदेश कायम’ लिहिल्यावर त्याला कुठली कारणं पटली हे कसं कळणार?

या निकालांना तोवर एक मर्यादा होती. जिथे वाद ऐकून निवाडा करायचा असतो ते ‘निमन्यायिक’ काम आणि बाकीचं ‘निव्वळ प्रशासकीय’, अशी भिंत होती, आणि बंधन फक्त पहिल्या बाजूला. १९६९ च्या क्रायपाक खटल्यात भारतीय वनसेवेच्या निवडीचा प्रश्न आला. निवड मंडळावर बसलेला अधिकारी स्वतःच उमेदवारही होता! ही भिंत आता फार पातळ झाली आहे आणि न्याय्य वागण्याचं बंधन दोन्ही बाजूंना आहे, असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हापासून ‘हा फक्त प्रशासकीय आदेश आहे’ या बचावाची धार गेली.

१९७० चा महाबीर प्रसाद संतोष कुमार हा निकाल तर आपल्या रेशन दुकानाच्या अगदी जवळचा. उत्तर प्रदेशातल्या साखर आणि धान्याच्या व्यापाऱ्यांचे परवाने रद्द झाले आणि राज्य सरकारने त्यांचं अपील कारण न देता फेटाळलं. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी लिहिलेल्या निकालात दोन मुद्दे आहेत. कारणं नोंदवली की निर्णय कायद्याने झाला, लहरीने किंवा सोयीने नाही, याची खात्री पटते. आणि आदेशावर अपील असेल तर कारणांची गरज उलट वाढते, कारण त्यांच्याशिवाय वरच्या अधिकाऱ्याला तपासायला काहीच उरत नाही. ‘पटलं नाही तर अपील आहेच की’ असं जिथे ऐकवलं जातं, तिथे हा निकाल दाखवण्याजोगा आहे.

तिसरी पळवाट : ‘आमच्या कायद्यात कारणं द्या असं कुठे लिहिलंय?’ सीमेन्स इंजिनिअरिंगच्या १९७६ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटलं की कारणं देणं हे, दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घेण्यासारखंच, नैसर्गिक न्यायाचं मूलभूत तत्त्व आहे. म्हणजे कायद्याच्या कलमाची वाट बघायची गरज नाही. याला पूर्ण रूप आलं २८ ऑगस्ट १९९० ला, एस. एन. मुखर्जी खटल्यातल्या पाच न्यायाधीशांच्या निकालात. त्याआधी प्रश्न असा विचारला जायचा की कारणं देण्याचं बंधन कुठल्या कलमात आहे? या निकालाने तो उलटा केला : कारणं न देण्याची सूट कुठे आहे ते दाखवा. कायद्याने स्पष्ट शब्दांत किंवा अपरिहार्य अर्थाने सूट दिली नसेल, तर न्यायनिवाड्यासारखं काम करणाऱ्या अधिकाऱ्याने कारणं नोंदवलीच पाहिजेत. गंमत म्हणजे खुद्द मुखर्जींना त्याचा लाभ झाला नाही. प्रकरण लष्करी न्यायालयाचं होतं आणि लष्करी कायद्याच्या रचनेत अशी सूट गृहीत आहे, असं न्यायालयाला आढळलं.

चौथी पळवाट सगळ्यात अवघड : ‘कारण आहे, पण सांगण्यासारखं नाही.’ जुलै १९७७ मध्ये मेनका गांधींचा पासपोर्ट जमा करायला सांगितला गेला. त्यांनी कारणं मागितली तेव्हा, ती देणं सर्वसाधारण जनतेच्या हिताचं नाही, असं उत्तर आलं. पासपोर्ट कायद्यातच कारणं नोंदवण्याचं आणि मागितल्यावर प्रत देण्याचं बंधन आहे. काही ठरावीक हितांना बाध येत असेल तरच ती रोखता येतात. २५ जानेवारी १९७८ च्या निकालातून हे स्पष्ट झालं की कारणं रोखण्याचा निर्णयही न्यायालय तपासू शकतं; ‘जनहित’ असा शब्द लिहिला म्हणून दार बंद होत नाही. याच रस्त्याचं अलीकडचं टोक म्हणजे ५ एप्रिल २०२३ चा मीडियावन वाहिनीचा निकाल. गृह मंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारली म्हणून वाहिनीचा परवाना पुढे चालू ठेवला गेला नाही, आणि कारणं दिली गेली फक्त केरळ उच्च न्यायालयाला, बंद लिफाफ्यात. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा असू शकतो, पण तो आहे म्हणून कारणं आपोआप झाकली जात नाहीत. गुप्तता किती आणि का लागते, हे सरकारला पटवून द्यावं लागतं.

पाचवी पळवाट म्हणजे आपली सुरुवातीची ओळ : ‘कारण दिलंय की, एका वाक्यात.’ २०१० च्या क्रांती असोसिएट्स निकालात न्यायमूर्ती गांगुली यांनी तोवरचे सगळे निकाल एकत्र करून मुद्देवार यादीच दिली. त्यात त्यांनी बजावलं की कारणांचं सोंग किंवा ‘रबर स्टॅम्प’ कारणं चालणार नाहीत. ती नेमकी, स्पष्ट हवीत आणि त्यातून विचार केल्याचं दिसलं पाहिजे. त्या प्रकरणात चूक झाली होती राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडून, कुठल्या तहसीलदाराकडून नव्हे. यावरून ही सवय किती वरपर्यंत आहे ते कळतं. दोन वर्षांनी महाराष्ट्रातल्या एका जनमाहिती अधिकाऱ्याच्या, मनोहर अंचुले यांच्या, प्रकरणात राज्य माहिती आयोगाचाच आदेश रद्द झाला आणि नोटीस, सुनावणी व सकारण आदेश ही नैसर्गिक न्यायाची तीन अंगं म्हणून एकत्र मांडली गेली.

मधल्या काळात संसदेनेही भर घातली, पण तिची चर्चा फारशी होत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४(१)(घ) सांगतं की प्रशासकीय असो वा निमन्यायिक, निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची. यात भिंतीचा प्रश्नच ठेवलेला नाही, आणि हे काम कार्यालयाने आपणहून करायचं आहे.

एवढं वाचून असं वाटेल की कारण नसलेला कुठलाही सरकारी कागद कोर्टात पडतो. तसं नाही. मुखर्जी निकालातच म्हटलंय की कारणं न्यायालयाच्या निकालपत्रासारखी लांबलचक नसली तरी चालतात. खालच्या आदेशात नीट कारणं असतील आणि अपिली अधिकारी त्यांच्याशी सहमत असेल, तर त्याने ती पुन्हा लिहायची गरज नाही. आपल्या जतच्या दुकानाला मात्र ही सूट आडवी येत नाही, कारण तिथे खालच्या आदेशातच कारण नाही. वरच्या अधिकाऱ्याने सहमत व्हायचं ते कशाशी?

निवड समित्या आणि मुलाखतीचे गुण यांच्या बाबतीत, नियमात तसं नसेल तर, प्रत्येक उमेदवाराला का घेतलं नाही याचं कारण देण्याची सक्ती नाही; सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या प्रकरणात हे सांगितलं. दहावीच्या मार्च १९९० च्या परीक्षेत गुणपत्रकांत फेरफार झाल्याच्या प्रकरणात राज्य परीक्षा मंडळाच्या बाजूने निकाल लागला. चौकशी, नोटीस, विद्यार्थ्यांची उत्तरं हे सगळं नोंदीवर होतं, त्यामुळे अंतिम आदेशात वेगळी कारणं नसणं तेवढ्याने घातक ठरलं नाही. हा निकाल सरकारी वकील नेहमी पुढे करतात, म्हणून त्याचा नेमका अर्थ कळलेला बरा. निर्णयाच्या वेळीच फाइलवर लिहिलेली कारणं काही प्रकरणांत आदेशाला वाचवू शकतात. मागाहून प्रतिज्ञापत्रात रचलेली वाचवत नाहीत. म्हणून फाइल बघणं महत्त्वाचं ठरतं, तेही दोन्ही बाजूंना.

फाइल बघायची म्हणजे टिप्पणी मिळवायची. प्रत्येक आदेशामागे कार्यालयात टिप्पणी असते : लिपिक किंवा अव्वल कारकून प्रस्ताव मांडतो, नायब तहसीलदार किंवा सहायक अधिकारी शेरा मारतो, शेवटी सक्षम अधिकारी ‘मान्य’ लिहून सही करतो. माहिती अधिकाराच्या अर्जात कलम ४(१)(घ) चा उल्लेख करून आदेशाची कारणं, आणि सोबत त्या आदेशापर्यंतच्या टिप्पणीच्या सगळ्या पानांच्या प्रती मागायच्या. महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. टिप्पणीत तीनपैकी एक गोष्ट सापडते. कधी तिथेही ‘खुलासा असमाधानकारक’ एवढंच असतं. मग आदेशाचा बचाव जवळपास संपला. कधी तिथे वेगळंच कारण असतं, उदाहरणार्थ एखाद्याची तोंडी तक्रार, जी नोटिशीत नव्हतीच. मग मुद्दा आणखी जड होतो, कारण ज्याबद्दल विचारलंच नाही त्यावरून शिक्षा झाली. आणि कधी तिथे चांगलं, तपशीलवार कारण असतं. असं असेल तर केवळ ‘कारण दिलं नाही’ यावर सगळी भिस्त ठेवू नये; त्या कारणालाच उत्तर तयार करावं.

एक चूक इथे वारंवार होते. माहितीचं उत्तर येईपर्यंत लोक अपील थांबवून ठेवतात. अपिलाची मुदत आदेश मिळाल्या दिवसापासून चालू झालेली असते आणि माहिती अधिकाराच्या अर्जाने ती थांबत नाही. म्हणून अपील आधी दाखल करावं, सोबत स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा, आणि टिप्पणी हाती आल्यावर पुरवणी म्हणणं सादर करावं. पाकीट कधी मिळालं याची नोंद आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवावा. मुदतीचा वाद निघाला तर तोच कामाला येतो.

रेशन दुकानाच्या प्रकरणात सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांतून पुढची पायरी पुण्याला, विभागीय आयुक्त कार्यालयातल्या पुरवठा उपायुक्तांकडे जाते. त्यानंतर मंत्र्यांकडे पुनरीक्षण. अपिलाच्या मेमोत ‘आदेश अन्यायकारक व बेकायदेशीर आहे’ अशी वाक्यं भरण्यापेक्षा एक तक्ता जास्त काम करतो. डाव्या बाजूला खुलाशातला एकेक मुद्दा आणि त्याचा पुरावा, उजव्या बाजूला त्यावर आदेश काय म्हणतो. ‘चलनाच्या मागची नोंद, खुलाशाचं पान २’ याच्या समोर ‘आदेशात उल्लेख नाही’. ‘चार कार्डधारकांच्या सह्या, पान ३’ याच्या समोरही तेच. ‘रद्द करण्याऐवजी सौम्य शिक्षा का नको’ याच्याही समोर तेच. सुनावणीत अधिकाऱ्याकडे वेळ थोडा असतो, आणि उजव्या रकान्यात तीन वेळा ‘उल्लेख नाही’ दिसलं की मुद्दा बोलून दाखवावा लागत नाही.

तिथेही एकोळी आदेश आला, तर उच्च न्यायालयात रिट याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या अखत्यारीत आले आहेत, त्यामुळे अशा कामाला आता मुंबई गाठावी लागत नाही. अपिलाची पायरी शिल्लक असेल तर उच्च न्यायालय सहसा आधी तिकडे जायला सांगतं. नैसर्गिक न्यायाचा भंग हा त्याला अपवाद आहे, हे १९९८ च्या व्हर्लपूल निकालात पुन्हा स्पष्ट झालं. पण अपवाद म्हणजे हक्क नव्हे. आदेशात जुजबी का होईना कारण असेल, तर न्यायाधीश ‘आधी पुण्याला जा’ म्हणण्याचीच शक्यता जास्त.

आता जिंकलात तर हाती काय पडतं? कारण नसल्याने आदेश रद्द झाला, तर न्यायालय बहुतेक वेळा स्वतः परवाना बहाल करत नाही. प्रकरण त्याच कार्यालयाकडे फेरनिर्णयासाठी परत जातं, ठरावीक मुदतीत सुनावणी घेऊन सकारण आदेश करण्याच्या सूचनेसह. त्या फेरसुनावणीत जुन्याच आदेशाला कारणांचा मुलामा देण्याचा मोह अधिकाऱ्याला होतो. म्हणून दुकानदाराने पहिल्याच तारखेला मूळ खुलासा, चलन आणि वहीची पानं पुन्हा दाखल करून पोच घ्यावी. गोदामातली स्थळप्रत मागवावी आणि चालकाचा जबाब आपल्या समक्ष घ्यावा, असा लेखी अर्ज द्यावा. आणि त्या अर्जावर काय निर्णय झाला ते रोजनाम्यात लिहून घेतलं जाईल याकडे लक्ष द्यावं. अर्ज नाकारला तर का नाकारला, तेही आदेशात यायला हवं. दरम्यानच्या काळात दुकान कुणाकडे राहणार, गावची कार्डं शेजारच्या दुकानाला जोडली असतील तर ती परत कधी येणार, याबद्दल आदेश रद्द करून घेतानाच न्यायालयाकडे स्पष्ट मागणी करावी. ती केली नाही, तर याचिका जिंकूनही फेरनिर्णय होईपर्यंत दुकानाला कुलूप राहू शकतं.